मसाल्याच्या डब्यामागे उरतं किती? दहिसरच्या एका ऑनलाइन दुकानाचा हिशेब

मे २०२५ मध्ये माझ्या एका अशीलाने विचारलं, "एक माणूस कामाला ठेवू का?" मी छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांचे हिशेब आणि जीएसटीची कामं बघतो, त्यामुळे हा प्रश्न नवा नव्हता. मात्र याच्या उत्तरापायी आम्हाला दुकानाचा पूर्ण हिशेब उलटा मांडावा लागला. तो मांडताना जे दिसलं ते इथे लिहितोय. नाव देत नाही, त्यांना ताई म्हणतो. आकडे त्यांच्याच वहीतले आहेत, फक्त पूर्णांकात आणले आहेत.

ताई दहिसरला राहतात. खाजगी कंपनीतली नोकरी सोडून त्यांनी स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या वस्तू ऑनलाइन विकायला सुरुवात केली आणि गेली काही वर्षं त्या हेच करतात. मसाल्याचा डबा, सोऱ्या, मोदकपात्र, पुरणयंत्र, झारे, चिमटे असा माल. महिन्याला साधारण १,१०० पार्सलं आणि सव्वासहा लाखांच्या आसपास विक्री. त्यातली ८४ टक्के एकाच मोठ्या मंचावरून. बाकीची दुसऱ्या एका मंचावरून आणि थोडी ओळखीपाळखीतून. पॅकिंग, लेबलं, परत आलेल्या मालाची तपासणी, कारखान्यात फेऱ्या, तक्रारींना उत्तरं, सगळं त्या एकट्या करत होत्या. रोज अकरा तास.

सव्वासहा लाखांची विक्री करणाऱ्या बाईला सोळा हजारांचा मदतनीस परवडू नये, हे ऐकणाऱ्याला पटत नाही. त्यांनाही पटत नव्हतं.

एका डब्याचा हिशेब

विक्रीचा आकडा बाजूला ठेवून आम्ही एकच वस्तू घेतली. सात वाट्यांचा मसाल्याचा डबा, सगळ्यांत जास्त खपणारा. तेव्हा विक्रीची किंमत ६९९ रुपये होती. भांड्यांवर १२ टक्के जीएसटी होता, तो काढला की ६२४ उरतात. खरेदी, भाईंदरहून दहिसरपर्यंतच्या टेम्पोसकट, ३४० रुपये. खोका, बबल, टेप, लेबल मिळून २४. मंचाचं कमिशन आणि दर ऑर्डरमागची ठरावीक फी ७८. पाठवणी ९२. मंचावरच्या जाहिरातीचा खर्च विकल्या गेलेल्या डब्यांवर वाटला तर ४५. बेरीज ५७९. म्हणजे एका डब्यामागे ४५ रुपये उरले.

पण हे उरले ते गिऱ्हाइकाच्या घरात राहिलेल्या डब्यांवर. शंभर डबे पाठवले की नऊ परत येत. सहा तर दारापर्यंत जाऊन, गिऱ्हाइकाने न घेताच परत येत. यातले बहुतेक 'माल आल्यावर पैसे' पद्धतीचे. उरलेले तीन उघडून, बघून, कधी वापरूनही परत येत. एका परतीचा खर्च आम्ही सरासरी १५० धरला: जाण्यायेण्याचं भाडं, वाया गेलेला खोका, जाहिरातीवरचे गेलेले पैसे आणि पोचा पडल्यामुळे पुन्हा नवा म्हणून विकता न येणारे डबे. एक्याण्णव डब्यांचे साधारण ४,१०० आले, नऊ परतींनी १,३५० खाल्ले. शंभर पार्सलांवर २,७५० च्या आसपास, म्हणजे पाठवलेल्या प्रत्येक पार्सलमागे २७ रुपये.

सगळ्या वस्तूंची सरासरी याहून बरी निघाली, ३८ रुपये. गुणिले १,१०० म्हणजे महिन्याला ४२ हजारांच्या आत. त्यातून इंटरनेट, प्रवास, माझी फी असे सहा हजार आणि जीएसटीत अडकणारे साडेसहा हजार (त्यावर पुढे येतो) वजा केले की हातात २९ हजार.

आता मदतनीस. पगार सोळा हजार आणि घरात दुसऱ्या माणसाला उभं राहायला जागा नाही म्हणून छोटा गाळा चौदा हजार. दर पार्सलमागे ३८ रुपये उरत असतील तर हे तीस हजार भरून काढायला महिन्याला जवळपास ८०० पार्सलं जास्त जायला हवीत. आणि ती जास्तीची ८०० त्याच ३८ रुपयांनी जाणार नाहीत, कारण नवं गिऱ्हाईक जाहिरातीवर जास्त पैसे टाकूनच मिळतं. ताईंनी आदल्या वर्षी हे करून पाहिलं होतं. पंचवीस हजारांवर एका मुलाला 'ऑनलाइन मार्केटिंग'साठी घेतलं. विक्री वाढली, पण जाहिरातीचा खर्च विक्रीच्या ७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेला. तीन महिन्यांनी त्याला निरोप द्यावा लागला. मुलगा कामाला वाईट नव्हता. त्याला विक्री वाढवायला सांगितली होती, त्याने वाढवली.

म्हणून प्रश्न बदलला. माणूस ठेवायचा की नाही हे पार्सलांच्या संख्येवर ठरणार नव्हतं. एका पार्सलमागे ३८ चे ८०–९० कसे होतील, यावर ठरणार होतं.

खोक्याचा एक सेंटिमीटर

पहिली वाढ मिळाली ती खोक्यातून, आणि तीही मंचाच्या पावत्यांचा तपशील उतरवून बघितल्यावर. कुरियरचं भाडं प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांपैकी जे जास्त त्यावर लागतं. आकारमानाचं वजन काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायची, उत्तर किलोत येतं. मग ते पुढच्या टप्प्यापर्यंत चढवतात.

ताईंचा डबा सामानासकट ९२० ग्रॅम भरत होता, म्हणून त्यांच्या मनात तो 'एक किलोच्या आतला' होता. खोका मात्र २३ × २३ × १० चा. त्याचे १.०५८ किलो होतात, आणि एक किलोच्या पुढे अठ्ठावन्न ग्रॅम गेले की भाडं दीड किलोचं. प्रत्येक डब्यामागे २४ रुपये नुसत्या हवेसाठी जात होते.

खोका लहान करणं वाटतं तेवढं सरळ नाही. गोदामातलं मोजणारं यंत्र खोक्यावर छापलेलं माप बघत नाही, सगळ्यांत बाहेर आलेली कड मोजतं. तीन थरांचा खोका टेप ताणून लावला की मधे फुगतो, अर्धा सेंटिमीटर तरी. त्यामुळे २२ × २२ × ९.५ चा खोका कागदावर ०.९२ किलो येतो आणि फुगल्यावर पुन्हा एकच्या वर जातो. शेवटी २१.५ × २१.५ × ९.५ चा, पाच थरांचा खोका करून घेतला. तो फुगला तरी ०.९७ च्या आत राहतो. डबा वीस सेंटिमीटर व्यासाचा, त्यामुळे कडेला बबलचा एकच थर बसतो. पोचे वाढू नयेत म्हणून चार कोपऱ्यांत पुठ्ठ्याच्या दुमडलेल्या पट्ट्या घातल्या. खोका दोन-तीन रुपयांनी महाग पडला, पण बबल कमी लागला, तेव्हा ते फिटलं. पाठवणी ९२ वरून ६८ वर आली आणि पार्सलमागे २७ चे ४९ झाले. विक्री एका डब्यानेही वाढलेली नव्हती.

ज्यांना स्वतःच्या बाबतीत हे तपासायचं आहे त्यांनी मंचाच्या महिन्याच्या अहवालात 'आकारलेलं वजन' हा रकाना बघावा आणि शेजारी आपण मोजलेलं वजन लिहावं. एकाच वस्तूला कधी एक किलो, कधी दीड किलो लागलं असेल तर खोका काठावर आहे असं समजावं. चुकीच्या मोजणीवर दाद मागता येते, पण त्यासाठी टेप लावून झाल्यावरचे, मोजपट्टी दिसेल असे फोटो आधीच काढलेले लागतात, आणि मुदत थोडी असते.

नगाचा भाव आणि किलोचा भाव

माल भाईंदरहून येतो. स्टीलच्या भांड्यांचे लहान-मोठे कारखाने तिथे गाळ्यागाळ्यांत आहेत. कुठे पत्रा कापतात, कुठे दाबतात, कुठे फक्त पॉलिश करतात. दहिसरहून ट्रेनने दोन स्टेशनं, आणि ताईंच्या धंद्याचं खरं भांडवल ही जवळीक आहे असं माझं मत आहे. दिल्लीतला किंवा सुरतेतला विक्रेता दर आठवड्याला गाळ्यात जाऊन माल वजन करून बघू शकत नाही.

वजन का करायचं? ताई डबे नगाच्या भावाने घेत होत्या, ३३० रुपये नग. नमुना ७८० ग्रॅमचा होता. पत्र्याचे भाव चढले तेव्हा कारखानदाराने भाव वाढवला नाही, आणि ताईंना ते चांगुलपण वाटलं. पुढची लॉट आली तेव्हा डबा दिसायला तोच, चमक तीच, पण वजन ७०० च्या आसपास. पत्रा पातळ झाला होता. ऐंशी ग्रॅम स्टील म्हणजे तीस रुपयांच्या घरात, डब्यामागच्या जुन्या पूर्ण नफ्याएवढं. तोटा तेवढाच नव्हता. पातळ पत्र्याचं झाकण वाटेत दबतं, नीट बसत नाही, आणि 'झाकण सैल आहे' म्हणून परती वाढतात. परतींची कारणं महिन्याच्या महिन्याला वाचली असती तर तराजूशिवायही हे कळलं असतं.

स्टीलच्या जातीचं दुसरं प्रकरण. ३०४ जातीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेल महाग, म्हणून स्वस्त मालात २०० मालिकेचं स्टील येतं, ज्यात निकेलची जागा बरीचशी मँगेनीज घेतं. डोळ्यांनी फरक कळत नाही आणि चुंबकावर विसंबता येत नाही, कारण दाबून आकार दिलेलं ३०४ सुद्धा कडेला थोडं चुंबक धरतं. बाजारात बाटलीतला द्राव मिळतो. त्याचा थेंब टाकून छोट्या बॅटरीचा प्रवाह दिला की मँगेनीज जास्त असल्यास थेंब लालसर होतो. ताई आता प्रत्येक लॉटमधले काही नग असे तपासतात, तेही तळाच्या बाजूने, म्हणजे डाग दिसत नाही. डबा ३०४ चा म्हणून विकायचा आणि वाट्या २०२ च्या निघायच्या, हे घडलेलं आहे.

उपाय त्यांनी भाव ठरवण्याच्या पद्धतीत शोधला. आता पत्र्याचा किलोचा भाव वेगळा आणि घडणावळ नगामागे वेगळी. पत्रा पातळ केला तर कारखानदाराला काहीच सुटत नाही. या बोलणीला मी सोबत होतो. शेठ म्हणाले, "ताई, एवढ्या वर्षांत तुम्ही वजन कधी विचारलं नाही." ताई म्हणाल्या, "शेठ, विचारलं नाही म्हणून तर आज विचारतेय." भाव त्या दिवशी कमी झाला नाही, पण पुढच्या लॉटा ७७५ ते ७८५ मध्ये येऊ लागल्या.

गणपतीच्या आधीचे दिवस

२०२४ मध्ये केंद्र सरकारने स्टीलच्या भांड्यांना आयएसआय मार्क सक्तीचा करणारा आदेश काढला. मानक आयएस १४७५६. लहान आणि सूक्ष्म कारखान्यांना त्यात जास्त मुदत होती. परवाना वस्तू बनवणाऱ्याने घ्यायचा असतो, विकणाऱ्याने नाही. ताईंना त्यामुळे हे प्रकरण 'शेठचं' वाटत होतं.

२०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. मोदकपात्राची वर्षभरातली निम्म्याहून जास्त विक्री त्याआधीच्या तीन-चार आठवड्यांत होते. ताईंनी ४०० नग आणून ठेवले होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मंचावरून मोदकपात्राचं पान उतरवलं गेलं. निरोप एवढाच, की बनवणाऱ्याचा परवाना क्रमांक द्या, नाहीतर ही वस्तू आदेशाच्या बाहेर असल्याचा पुरावा द्या. आदेश त्या विशिष्ट कारखान्याला त्या तारखेला लागू होता की नव्हता, हा वाद घालता आला असता. पण मंचाची यंत्रणा तो वाद घालत नाही, कागद आहे की नाही एवढंच बघते. शेठचा अर्ज झाला होता, परवाना हातात आला नव्हता.

पान अठरा दिवस बंद होतं. परत चालू झालं तेव्हा गणपतीला फार दिवस राहिले नव्हते, आणि शोधात आधी वरच्या रांगेत दिसणारं पान खाली गेलं होतं. जमवलेली क्रमवारी विक्री थांबली की घसरते. ती परत मिळवायला जाहिरातीवर पैसे टाकावे लागतात, म्हणजे बंद दिवसांचा भुर्दंड नंतरही चालू राहतो.

त्या अठरा दिवसांत ताईंनी मोदकपात्रं विकली, पण दुसरीकडे. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून, आधी थेट घेतलेल्या गिऱ्हाइकांना फोन करून, आणि शंभरेक नग दादरच्या दोन दुकानदारांना जवळपास खरेदीच्या भावात देऊन. काही माल पुढच्या वर्षासाठी राहिला. स्टील नासत नाही, पण त्यात अडकलेले पैसे दिवाळीच्या सोऱ्यांना हवे होते.

एकाच मंचावरचं अवलंबन मोजायचं असेल तर मी आता विक्रीची टक्केवारी विचारत नाही. मंचावरचं एक पान तीन आठवडे बंद पडलं तर पुढच्या मालाचे पैसे कुठून येतील, हे विचारतो. ताईंच्या बाबतीत उत्तर होतं, नवऱ्याच्या पगारातून.

घटस्थापनेला स्वस्ताई

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेच्या दिवशी, भांड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. गिऱ्हाइकासाठी चांगलं झालं. ताईंचा मला फोन आला, "आता थोडं सुटेल ना?" उलट झालं, आणि हे फारसं कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डब्याची किंमत सगळ्यांनी उतरवली, ताईंचा डबा ६४९ वर आला. कर वजा जाता ६१८, म्हणजे आधीच्यापेक्षा सहाच रुपये कमी. इथपर्यंत ठीक. पण मंचाचं कमिशन, पाठवणी आणि जाहिरात या सेवा आहेत आणि त्यांच्यावरचा कर १८ टक्केच राहिला. विक्रीवर ताईंनी गोळा केलेला कर आता ३१ रुपये. खरेदीवर भरलेला १७, सेवांवरचा ३४, पॅकिंगवरचा दीडेक रुपया. म्हणजे एका डब्यामागे भरले साडेबावन्न आणि वळते झाले ३१. उरलेले साधारण २२ रुपये जीएसटीच्या पोर्टलवर ताईंच्या नावे जमा दिसतात, पण हातात येत नाहीत. आधी, १२ टक्के असताना, याच डब्यामागे तीनच रुपये असे अडकत.

परतावा का मिळत नाही? उलट्या कररचनेचा परतावा कच्च्या किंवा खरेदी केलेल्या मालावरच्या जास्त करासाठी आहे, सेवांवरच्या करासाठी नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा कायम ठेवली. ताईंचा माल तर पाचने येतो आणि पाचनेच जातो, त्यामुळे मालापुरती रचना उलटी नाहीच. ही शिल्लक बुडत नाही, पुढे केव्हाही विक्रीवरच्या करापोटी वापरता येते. पण दर महिन्याला ती वाढतच जाणार असेल तर तिला पैसे म्हणणं कठीण आहे. मी हिशेबात ती खर्च म्हणून धरतो. काही सहकारी धरत नाहीत, आणि त्यांच्या अशीलांचा नफा कागदावर छान दिसतो.

खोका बदलून ४९ वर नेलेले पार्सलमागचे रुपये किमतीमुळे ४४ झाले, आणि अडकलेला कर वजा केल्यावर खऱ्या रोकडीत २४. आधी हाच खरा आकडा ४६ होता.

कधी अडकेल आणि कधी नाही याचा अंदाज बांधता येतो. विक्रीची करपूर्व किंमत आणि खरेदी यांतला फरक काढा. मंच, पाठवणी आणि जाहिरात मिळून खर्च त्या फरकाच्या साधारण २८ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर पाच टक्क्यांच्या मालावर कर अडकणारच. ताईंच्या डब्यात फरक २७८ आणि सेवा १९१. कुठल्याही मोठ्या मंचावर हलका, स्वस्त माल विकणाऱ्याचं चित्र याहून फार वेगळं नसेल.

मंच विक्रीतून अर्धा टक्का जीएसटीपोटी आणि ०.१ टक्का आयकरापोटी आधीच कापून घेतात. पहिली कापणी जीएसटी पोर्टलवरच्या रोख खात्यात साठते, आणि रोखीने कर भरायचाच नसल्यामुळे तीही पडून राहते. पण हिचा परतावा आरएफडी-०१ हा अर्ज भरून मागता येतो. ताईंचे मागचे बरेच महिने मागायचे राहिले होते, ते मागितले.

संच, थेट गिऱ्हाईक आणि दोन शेजारणी

दिवाळीपासून दुकानाचा आकार बदलला. एकेक वस्तूऐवजी संच. सोऱ्या, झारा, चाळणी आणि डबा असा फराळाचा संच १,३४९ ला. लग्नसराईत याच पद्धतीने रुखवताचा संच. फराळाच्या संचाचे करपूर्व १,२८५, त्यातून माल ६९०, पॅकिंग ३८, कमिशन १६०, पाठवणी १२८, जाहिरात ६०. उरले २०९. परती धरून पार्सलमागे १८५. चार वस्तूंना एकच खोका, एकच भाडं, एकदाच जाहिरात. शिवाय अगदी असाच संच दुसऱ्या कुणाच्या पानावर नसल्यामुळे पाच रुपयांनी स्वस्त विकणारा शेजारी येऊन बसत नाही. सुट्या डब्याची जाहिरात बंद केली. त्याची विक्री निम्म्यावर आली आणि ती येऊ दिली.

दुसरं, थेट विक्री. मंचाच्या पार्सलात स्वतःच्या नंबराची चिठ्ठी घालणं नियमाबाहेर आहे, पकडलं तर खातंच जातं, म्हणून तो मार्ग नाही. गिऱ्हाइकं आली ती पार्ल्या-मुलुंडच्या दिवाळी प्रदर्शनांतून आणि मोदकपात्राच्या त्या अठरा दिवसांतून. तोच ६४९ चा डबा थेट गेला तर पेमेंट गेटवेला १३, कुरियरला ७५, आणि हातात १६६ उरतात. अडकणारा कर जेमतेम तीन रुपये. पैसे आधी मिळतात, त्यामुळे दारातून परत येणारं पार्सल जवळपास नाही.

मर्यादा वेळेची आहे. महिन्याला १२० थेट ऑर्डरी आहेत, आणि प्रत्येकीमागे दहा-बारा मिनिटांची बोलणी. "ताई, इंडक्शनवर चालेल का?", "वाट्यांचा फोटो वरून पाठवा ना." मंच ज्या कामाचे पैसे घेतो त्यातलं बरंचसं हे काम आहे, हे तेव्हा कळतं. चारशे थेट ऑर्डरी एकट्या ताईंना झेपणार नाहीत.

माणसं शेवटी दोन ठेवली. इमारतीतल्याच दोघी, रोज अर्धा दिवस, प्रत्येकी नऊ हजार. गाळ्याऐवजी शेजारच्या इमारतीत तळमजल्याची एक खोली आठ हजारांना. वीसपेक्षा कमी कामगार असल्यामुळे महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. ते काम अर्ध्या तासाचं होतं. वेळ गेला तो डोक्यातलं कागदावर आणण्यात. कुठल्या वस्तूला कुठला खोका, बबल कुठून फिरवायचा, बंद झाल्यावर वजन किती यायला हवं, यासाठी प्रत्येक वस्तूचं एक कार्ड केलं. वजन दहा ग्रॅमपेक्षा जास्त चुकलं तर पार्सल उघडायचं. रुखवताच्या संचात चाळणी राहून जायची चूक या एका नियमाने थांबली. परत आलेलं पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करायचं कामही एकीकडे दिलं. पार्सलातून भलतीच वस्तू निघाली तर मंचाकडे दाद मागायला तोच पुरावा लागतो. भाईंदरची फेरी, थेंबाची चाचणी आणि भाव ताईंनी स्वतःकडे ठेवले.

नोव्हेंबर ते जानेवारीची महिन्याची सरासरी अशी: ८७० पार्सलं, आधीच्यापेक्षा २३० कमी. त्यांतले २५० संच, १२० थेट, बाकी सुट्या वस्तू. मागे उरलेले रुपये ७९ हजार. त्यातून अडकलेला कर अठरा हजार, दोघींचे अठरा हजार, खोली आठ हजार, किरकोळ सहा हजार. ताईंच्या हातात २९ हजार.

हो, तेवढेच. मे महिन्यात होते तेवढेच. फरक एवढा की तेव्हा ते अकरा तासांचे होते, आता सहा तासांचे आहेत, आणि अडकलेल्या करामुळे जो खड्डा पडणार होता तो संचांनी भरून काढला. एका मंचाचा वाटा ८४ वरून ७० टक्क्यांच्या खाली आला आहे. लग्नसराई संपल्यावर संच किती खपतील हे माहीत नाही, म्हणून तिसरा माणूस आत्ता नाही, असं आमचं ठरलं आहे.

आत्ता हातात असलेलं काम वेगळंच आहे. शेठच्या मुलाने त्याच मंचावर स्वतःचं खातं उघडलं आहे. मंचाचं कमिशन आणि पाठवणी त्यालाही ताईंएवढीच पडते, पण ३४० चा डबा त्याला किती स्वस्त पडतो हे त्यालाच ठाऊक. ताईंनी वर्गवारी २१ मध्ये, म्हणजे घरगुती भांड्यांच्या वर्गात, ट्रेडमार्कचा अर्ज केला. सूक्ष्म उद्योगाला त्याची सरकारी फी साडेचार हजार आहे. सोऱ्याच्या नव्या जाळ्यांसाठी त्यांनी ४५ हजार घालून स्वतःची डाय, म्हणजे साचा, करून घेतली आहे. ती डाय शेठच्याच गाळ्यात असते. ती ताईंच्या मालकीची आहे, दुसऱ्या कुणासाठी चालवायची नाही आणि मागितल्यावर सात दिवसांत परत द्यायची, एवढ्या तीन ओळींचं पत्र मी तयार करून दिलं आहे. शेठ म्हणतात, "आपल्यात कागद कशाला?" पुढची लॉट लागायच्या आत सही घ्यायची आहे, कारण त्यानंतर ताईंना माल हवा असेल आणि शेठना घाई नसेल.